लेखापरीक्षकाच्या पत्राला उत्तर द्या : बँकांना खुले पत्र

प्रति,
सर्व बँकांचे विभागीय व्यवस्थापक आणि शाखाधिकारी,
तसेच इंडियन बँक्स असोसिएशन

महोदय, महोदया,

मी कोल्हापुरात गेली एकवीस वर्षं सनदी लेखापाल म्हणून काम करतो. माझे बहुतेक अशील म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि हातकणंगले भागातल्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या. कुणाची फाउंड्री आहे, कुणाचं मशीन शॉप, कुणाचा पॅकिंगचा कारखाना. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात या प्रत्येक कंपनीच्या बँकेला मी एक पत्र पाठवतो. ३१ मार्चला या कंपनीची तुमच्याकडे कोणकोणती खाती होती, त्यांत किती शिल्लक होती, कर्ज किती, तारण काय आणि हमी कोणती, एवढंच त्यात विचारलेलं असतं. व्यवसायात आम्ही त्याला बँक कन्फर्मेशन म्हणतो. त्या पत्राचं तुमच्या शाखांमध्ये काय होतं, ते मी आजवर ज्याच्या त्याच्या टेबलापाशी जाऊन सांगत आलो. आता सगळ्यांसमोर सांगतो आहे, कारण यंदा त्याची किंमत माझ्या एका अशिलाला मोजावी लागली आणि माझ्या सहीलाही.

आधी हे पत्र तयार कसं होतं ते सांगतो. पत्राचा मजकूर मी ठरवतो, पण ते छापलं जातं कंपनीच्या लेटरहेडवर आणि त्यावर सही असते कंपनीच्या त्या संचालकाची, ज्याच्या सहीचा नमुना तुमच्या दप्तरी आहे. ग्राहकाची माहिती त्याच्या संमतीशिवाय तुम्ही बाहेर देऊ शकत नाही आणि ते योग्यच आहे. ती सही म्हणजेच ती संमती. सही झाली की पत्र परत माझ्याकडे येतं. खाते क्रमांक आणि शाखेचा पत्ता मी माझ्या कागदांवरून ताडून पाहतो, पाकीट माझ्या ऑफिसात बंद होतं, स्पीड पोस्टानं माझा माणूस पाठवतो आणि आत माझ्या ऑफिसचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट असतं. लेखापरीक्षण मानक ५०५ नुसार पत्र पाठवणं आणि उत्तर घेणं या दोन्हींवर ताबा माझा राहिला पाहिजे. ज्याचे हिशोब तपासायचे, त्याच्या हातून ना पत्र जावं, ना उत्तर यावं.

आता यंदाची हकिकत. कंपनीचं नाव सांगत नाही आणि बँकेचंही नाही. शिरोलीतली एक छोटी फाउंड्री, भागभांडवल २० लाख रुपये. बँकेकडे ८० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा, एक टर्म लोन आणि १५ लाखांची एक मुदतठेव. मालक कष्टाळू आहेत, स्वतः भट्टीवर उभे राहतात आणि हिशोबात कधी लपवाछपवी करत नाहीत.

९ एप्रिलला पत्र गेलं. मे महिन्यात स्मरणपत्र पाठवलं, जूनमध्ये ईमेल केला. दरम्यान शाखाधिकाऱ्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी पत्र आलंच नसल्याचं सांगितलं, तेव्हा मी पोस्टाची पोच दाखवली. जुलैत मी स्वतः शाखेत गेलो. माझं पत्र स्टॉक स्टेटमेंटच्या गठ्ठ्यात सापडलं, वर आवक शिक्का आणि तारीख १२ एप्रिल. तिकीट लावलेलं परतीचं पाकीट अजून त्याला टाचलेलं होतं. काउंटरवरचे कर्मचारी मला म्हणाले, ‘साहेब, नेट बँकिंगवर सगळं दिसतंय की. पार्टीकडून प्रिंट घ्या.’

उत्तर आलं १८ सप्टेंबरला. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणजे हातात बारा दिवस उरले होते.

त्या उत्तरातल्या पहिल्या दोन आकड्यांच्या फरकाचा मेळ सहज लागला. कंपनीच्या वहीत कॅश क्रेडिटची बाकी ७१,३८,४२० रुपये होती, बँकेनं कळवली ६८,९२,४२०. फरक २,४६,००० रुपयांचा. मार्चअखेर दिलेले तीन चेक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वटले होते, त्यांची बेरीज नेमकी तेवढीच. टर्म लोन वहीत ३४,१०,००० आणि बँकेकडे ३४,३८,६५०. इथे ३१ मार्चला नावे पडलेलं २८,६५० रुपयांचं व्याज वहीत घ्यायचं राहिलं होतं, ती नोंद करून घेतली. असे फरक रोजचे आहेत आणि ते पासबुकावरूनही कळले असते.

तिसरी ओळ मुदतठेवीची होती. रक्कम १५ लाख, तीही जुळली. पण पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, की ही ठेव एका भागीदारी फर्मच्या ओव्हरड्राफ्टसाठी तारण असून तिच्यावर बँकेचं लीन, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत ती रोखून धरण्याचा हक्क, आहे. ती फर्म मालकांच्या धाकट्या भावाची.

मी मालकांना बोलावलं. त्यांनी काहीही नाकारलं नाही. ‘चार वर्षांपूर्वी भावाची अडचण होती. मॅनेजर म्हणाले, ठेव पडूनच आहे, त्यावर देऊन टाकू. मी सह्या केल्या. ठेव तर कंपनीच्याच नावावर आहे, मग त्यात चूक काय, असं वाटलं.’

चूक मोठी होती. संचालकाचा नातेवाईक भागीदार असलेल्या फर्मच्या कर्जासाठी कंपनीला हमी किंवा तारण देता येत नाही, हे कंपनी कायद्याचं कलम १८५ सांगतं. खासगी कंपन्यांना यातून सूट आहे, पण तिच्या अटी आहेत. त्यातली एक म्हणजे बँका आणि वित्तसंस्थांचं कर्ज भरणा झालेल्या भागभांडवलाच्या दुपटीपेक्षा कमी असायला हवं. इथे दुप्पट म्हणजे ४० लाख आणि कर्ज एक कोटीच्या वर. सूट लागू होत नव्हती. कलम मोडल्याचा दंड कंपनीला किमान ५ लाख आहे आणि संचालकावरची कारवाई वेगळी. ही गोष्ट अहवालात लिहिणं मला भागच होतं. मी ती लिहिली.

चार वर्षं ती ठेव ताळेबंदात मोकळी ठेव म्हणून दिसत होती. त्यातल्या तीन वर्षांच्या अहवालांवर माझी सही आहे. त्या तिन्ही वर्षी बँकेचं उत्तर आलं होतं, त्यात फक्त खाते क्रमांक आणि शिल्लक होती आणि तेवढ्यावर मी थांबलो. तारणाचा रकाना कोरा होता. तो कोरा का आहे, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. ती चूक माझी आणि ती मी मान्य करतो. पण तुमच्याकडे ती माहिती पहिल्या दिवसापासून होती. लीन तुमच्याच शाखेनं लावलं होतं, त्याची कागदपत्रं तुमच्याच तिजोरीत होती आणि मी विचारत होतो तो प्रश्न नेमका त्याबद्दलचा होता.

यंदा ते उत्तर पूर्ण का आलं, हेही मी शोधलं. सप्टेंबरमध्ये शाखेत नव्यानं रुजू झालेल्या एका अधिकारी बाईंनी माझं पत्र हाती घेतलं, खाते क्रमांकाऐवजी ग्राहकाच्या सगळ्या खात्यांना एकच असलेल्या सीआयएफ क्रमांकावरून माहिती काढली आणि पडद्यावर त्या ग्राहकाचं जे जे दिसलं ते उतरवून दिलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘वीस मिनिटांचं काम होतं, सर.’ त्या वीस मिनिटांसाठी माझं पत्र पाच महिने पडून राहिलं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार उत्तरच न देण्याची. ‘नेट बँकिंगवरून प्रिंट घ्या’ हे उत्तर नव्हे. खात्याच्या उताऱ्यावर त्या खात्यातली जमा-नावे दिसते. त्या ग्राहकाचं दुसरं खातं तुमच्याकडे आहे का, त्यानं दुसऱ्या कुणासाठी हमी दिली आहे का, त्याच्या वतीनं तुम्ही बँक गॅरंटी किंवा लेटर ऑफ क्रेडिट दिलं आहे का, ठेवीवर बोजा आहे का, यातलं काहीच उताऱ्यावर येत नाही. माझ्या पत्रात शिल्लक हा एक प्रश्न असतो, बाकीचे सगळे प्रश्न या न दिसणाऱ्या गोष्टींचे असतात. शिवाय ती प्रिंट अशिलाच्या संगणकावरून, अशिलाच्या हातानं येते. पीडीएफमधला एक आकडा बदलायला आता कौशल्य लागत नाही. मी अशा उताऱ्यावर प्रत्येक ओळीची शिल्लक मागच्या ओळीवरून पुन्हा मोजून बघतो, कारण खाडाखोड करणारा बहुधा एक रक्कम बदलतो आणि खालच्या शिलका तशाच सोडतो. एकदा एका उताऱ्यात मला असं सापडलंही आहे. पण ज्यानं खालच्या शिलकाही बदलल्या, त्याला मी या पद्धतीनं पकडू शकत नाही. त्याला पकडायचं तर तुमचं थेट उत्तरच लागतं.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. उत्तर तयार झालं तरी अनेक शाखा ते अशिलाच्या हाती देतात. ‘तुमच्या सीएंना देऊन टाका’ म्हणतात. मी तिकीट लावलेलं पाकीट घालतो, ईमेल पत्ता लिहितो, ‘उत्तर थेट लेखापरीक्षकाकडे पाठवावे’ हे वाक्य ठळक करून अधोरेखित करतो, तरीही. तुम्हाला हे सोयीचं वाटत असेल, पण या सोयीनं पत्राचा सगळा अर्थ संपतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच देशात घडलं आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. त्यानंतर एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकानं लेखापरीक्षकांविरुद्ध जो आदेश दिला, त्यात हाच मुद्दा होता. बँकांना जाणारी पत्रं पाठवणं आणि उत्तरं गोळा करणं हे लेखापरीक्षकांनी कंपनीच्याच हाती सोडलं होतं. दोष तिथे लेखापरीक्षकांचा होता, तो मी तुमच्यावर ढकलत नाही. मी एवढंच विचारतो, की त्यातून धडा घेऊन मी पत्राची वाट माझ्या ताब्यात ठेवली आणि तुम्ही ते उत्तर पुन्हा अशिलाच्या हाती दिलंत, तर मी वेगळं काय केलं?

असं उत्तर हाती आलं की मी ते पुरावा म्हणून धरत नाही. ते बाजूला ठेवून शाखेला पुन्हा लिहितो. अशिलाला वाटतं, सीए उगाच संशय घेतात. माझ्याकडे वीस-वीस वर्षांचे घरोब्याचे अशील आहेत. त्यांच्या डोळ्यांत ते दिसतं आणि मला ते लागतं.

तिसरी तक्रार अर्धवट उत्तरांची. वर सांगितलेली हकिकत हीच आहे, त्यामुळे फार लांबवत नाही. पण यात एक नेहमीचा प्रकार असा, की ३१ मार्चची शिल्लक विचारली असता पत्र लिहिलं त्या दिवशीची शिल्लक कळवली जाते. आणखी एक प्रकार मुदतठेवींचा. ठेव आपोआप नूतनीकरण झाली की काही ठिकाणी तिचा क्रमांक बदलतो. मी विचारलेल्या जुन्या क्रमांकापुढे मग ‘खाते बंद’ एवढंच लिहून येतं आणि पैसे कुठे गेले ते शोधायला पुन्हा पत्रव्यवहार सुरू होतो. आणि कोरा रकाना. हमी नसेल तर ‘नाही’ असं लिहा. कोऱ्या जागेवरून मला हमी नाही असं समजता येत नाही, आणि तसं समजण्याची किंमत मी तीन वर्षं न कळत मोजली.

फोनवर मिळणाऱ्या उत्तरांबद्दल एकच वाक्य : ‘हो, बरोबर आहे’ हे तोंडी ऐकलेलं मानकाच्या दृष्टीनं कन्फर्मेशन ठरत नाही, मला ते लेखीच लागतं.

तुमची अडचण मला ठाऊक आहे. मार्चअखेर तुमचं क्लोजिंग असतं, एप्रिलमध्ये शाखेचं स्वतःचं ऑडिट असतं. ते करायला आमच्यापैकीच कुणीतरी तुमच्यासमोर बसलेलं असतं, मीही बसलो आहे. मे-जूनमध्ये बदल्या होतात. माणसं कमी आहेत, हे मी आत बसून पाहिलं आहे. म्हणूनच एप्रिलमध्ये उत्तर मिळावं अशी माझी अपेक्षा कधीच नव्हती. पण जून आहे, जुलै आहे.

उत्तर न आल्यावर मी काय करतो, तेही सांगतो. मालकासमोर बसून त्यांच्या लॉगिनमधून खाती स्वतः बघतो. एप्रिल-मेचे उतारे तपासतो, मार्चअखेरचे चेक पुढे वटले का ते पाहतो. कंपनी निबंधकांच्या संकेतस्थळावर बोजांची नोंद बघतो. पण नोंद कंपनीनं किंवा बँकेनं केली असेल तरच तिथे दिसते आणि फाउंड्रीच्या ठेवीवरच्या बोजाची नोंद कुणीच केली नव्हती. म्हणजे त्या वर्षांत उत्तर आलं नसतं आणि मी हे सगळे पर्यायी मार्ग मन लावून केले असते, तरी ते लीन मला सापडलं नसतं. पुरेसा पुरावा मिळालाच नाही तर मला अहवालात तसं लिहावं लागतं. त्या शेऱ्यासह ताळेबंद घेऊन तो छोटा कारखानदार पुन्हा तुमच्याकडेच येतो, कॅश क्रेडिटचं नूतनीकरण करायला. तुमचा कर्ज विभाग शेरा वाचतो आणि फाइल अडकते. एका टेबलानं पत्राला उत्तर दिलं नाही, म्हणून दुसऱ्या टेबलावर त्याची मर्यादा अडते, आणि भट्टीवरच्या माणसांचा पगार त्याच मर्यादेतून होत असतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक बँकेनं कन्फर्मेशनसाठी विभागीय पातळीवर एक टेबल आणि एक ईमेल पत्ता ठरवावा आणि तो आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावा. म्हणजे शाखाधिकारी बदलले तरी पत्र हरवणार नाही.

ग्राहकाची सही जुळत असेल तर पत्र मिळाल्यापासून एकवीस दिवसांत उत्तर द्यावं. सही जुळत नसेल किंवा संचालक मंडळाचा ठराव हवा असेल, तर ते पहिल्याच आठवड्यात कळवावं. तीन महिन्यांनी मी विचारायला आल्यावर नव्हे.

उत्तर फक्त लेखापरीक्षकालाच, बँकेच्या अधिकृत ईमेलवरून किंवा टपालानं जावं. त्याची प्रत ग्राहकाला द्यायला माझी हरकत नाही, पण मूळ उत्तर त्याच्या हातून येऊ नये. त्यावर अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कर्मचारी क्रमांक असावा.

माहिती खाते क्रमांकावरून न काढता ग्राहक क्रमांकावरून काढावी. त्या ग्राहकाची सगळी खाती, वर्षात बंद झालेली धरून, सगळी कर्जं, मंजूर मर्यादा, तारण, ठेवींवरचे बोजे, बँक गॅरंट्या आणि त्यानं दुसऱ्यासाठी दिलेल्या हमी ३१ मार्च या तारखेच्या स्थितीनुसार याव्यात. जे नसेल तिथे ‘नाही’ हा शब्द यावा.

शुल्क घ्यायचं असेल तर घ्या. ते जाहीर करा आणि ग्राहकाच्या खात्यातून एकदाच कापा. ‘शुल्क भरलं नाही’ हे कारण सप्टेंबरमध्ये सांगू नका.

इंडियन बँक्स असोसिएशनला माझी वेगळी विनंती आहे. या पत्राचा आणि उत्तराचा एकच नमुना सगळ्या सदस्य बँकांसाठी ठरवा, मराठीसह प्रादेशिक भाषांतही. छोट्या गावातल्या शाखेत त्या टेबलावर बसणाऱ्याला कोणता रकाना कशासाठी आहे ते वाचूनच कळलं पाहिजे. आमच्या सनदी लेखापालांच्या संस्थेशी बसून तो ठरवा, माझ्यासारखे अनेक जण त्यासाठी हवा तेवढा वेळ देतील.

फाउंड्रीच्या मालकांनी नोव्हेंबरमध्ये भावाला पैसे उभे करायला लावले, ओव्हरड्राफ्ट बंद झाला आणि ठेवीवरचं लीन निघालं. ते निघाल्याचं पत्र बँकेनं त्यांच्या हाती दिलं. मी ते फाइलला लावलेलं नाही. त्याची खातरजमा करण्यासाठी शाखेला पत्र पाठवलं आहे, आत तिकीट लावलेलं पाकीट आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

आपला,
एक सनदी लेखापाल, कोल्हापूर